रिस्ट्रिक्शन की ओव्हरलॅप? सांधा पाहून ठरवा

जीन प्लाझमिडमध्ये बसवायचा म्हटले की प्रयोगशाळेत आता दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे की रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापणे आणि लायगेजने जोडणे हे 1973 साली कोहेन आणि बॉयर यांनी केले, त्यावर सगळे जेनेटिक इंजिनिअरिंग उभे राहिले, मग चालते ते सोडायचे कशाला? दुसऱ्या पक्षाला ही पद्धत कालबाह्य वाटते. 2009 साली डॅनियल गिब्सन आणि सहकाऱ्यांनी एका नळीत, एका तापमानाला, कुठेही जादा बेस न सोडता तुकडे जोडून दाखवले, तेव्हा आता सगळे याच मार्गाने करावे, असा त्यांचा आग्रह असतो. दोन्ही पक्ष पद्धतीबद्दल भांडतात. प्रश्न मात्र पद्धतीचा नसून जिथे दोन तुकडे भेटतात त्या सांध्याचा आहे. एक ओळखीचे उदाहरण शेवटपर्यंत नेले की हे स्पष्ट होते.

जेलीफिशचा मूळ जीएफपी जीन घ्या. लांबी 717 बेस. तो पेट-28ए या नेहमीच्या एक्स्प्रेशन व्हेक्टरमध्ये, सुरुवातीच्या हिस्टिडीन टॅगच्या मागोमाग बसवायचा आहे. जुन्या पद्धतीने जाणारा विद्यार्थी सहज एनडीई-वन आणि एक्सहो-वन ही जोडी निवडतो. निवड समंजस आहे. एनडीई-वनच्या `CATATG` या साइटमध्येच सुरुवातीचा `ATG` कोडॉन असतो, त्यामुळे फ्रेम आपोआप जुळते.

अडचण जीनच्या पोटात आहे. जीएफपीच्या 77 आणि 78 क्रमांकाच्या अमिनो आम्लांचे, म्हणजे हिस्टिडीन आणि मेथिओनीनचे, कोडॉन ओळीने `CAT` आणि `ATG` असे येतात. अर्थात तिथेही एनडीई-वनची साइट तयार होते. पीसीआरचा तुकडा कापला की जेलवर 717 ऐवजी सुमारे 230 आणि 490 असे दोन पट्टे दिसतात. लहान पट्टा फिका असतो, कधी जेलच्या टोकाबाहेर निघून जातो. घाईत मोठा पट्टा कापून घेतला, तर त्याच्या एका टोकाला एनडीई-वन आणि दुसऱ्या टोकाला एक्सहो-वन अशी अचूक टोके असतात. लायगेशन उत्तम होते, कॉलन्या भरपूर येतात, फ्रेमही जुळते, कारण तुटलेला तुकडा नेमका `ATG` पासूनच सुरू होतो. प्रथिनसुद्धा तयार होऊ शकते. फक्त ते चमकत नाही. जीएफपीचा रंगकण 65 ते 67 या अमिनो आम्लांपासून बनतो आणि तो भाग 230 च्या पट्ट्याबरोबर गेलेला असतो.

जुन्या पद्धतीवरचा खरा आक्षेप हाच. सहा बेसची कोणतीही एक साइट सरासरी 4,096 बेसमागे एकदा भेटते. जीन जितका लांब, तितकी ती पोटात सापडण्याची शक्यता जास्त. यावर उपाय आहेत आणि ते स्वस्तही आहेत. पेट-28ए मध्ये एनडीई-वनच्या लगेच पुढे एनएचई-वनची साइट आहे, ती वापरली तर टॅग आणि जीन यांच्यामध्ये दोन जादा अमिनो आम्ले येतात, इतकेच. किंवा `CAT` चा `CAC` केला, तर हिस्टिडीन हिस्टिडीनच राहतो आणि साइट नाहीशी होते. जादा दोन अमिनो आम्लांनी काही बिघडत नसेल, तर इथेच थांबणे शहाणपणाचे.

पण बिघडत असेल, किंवा पुढे याच बांधणीत आणखी दोन-तीन तुकडे जोडायचे असतील, तर ओव्हरलॅपची पद्धत सरस ठरते. तिच्यात साइट शोधावी लागत नाही. शेजारी येणाऱ्या दोन तुकड्यांच्या टोकांना समान क्रम ठेवायचा. टी5 एक्झोन्यूक्लिएज प्रत्येक टोकाचा 5' बाजूचा धागा कुरतडते, 3' बाजूचा धागा उघडा पडतो, समान क्रमाचे उघडे धागे एकमेकांवर बसतात, पॉलिमरेज उरलेली पोकळी भरते आणि टॅक लायगेज धागा सांधते. हे सगळे 50 अंश सेल्सिअसला होते. त्या तापमानाला टी5 हळूहळू निकामी होते, म्हणून कुरतडणे अनंतकाळ चालत नाही. दोन-तीन तुकड्यांना 15 मिनिटे पुरतात, अधिक असतील तर तासभर ठेवतात.

इथेही व्हेक्टर उघडायला एनडीई-वन आणि एक्सहो-वन चालतात, कारण ती आता फक्त व्हेक्टर कापतात, जीनला हात लावत नाहीत. ‘आता रिस्ट्रिक्शन एन्झाइम नकोत’ हा दावा त्यामुळे प्रत्यक्षात क्वचितच खरा असतो.

ओव्हरलॅप ठरवण्याचा ढोबळ नियम सोपा आहे: 20 ते 30 बेस आणि वितळण्याचे तापमान किमान 48 अंश. हिशेब करताना `A` आणि `T` ला दोन-दोन, `G` आणि `C` ला चार-चार अंश धरायचे. प्रायमरच्या 5' बाजूला ओव्हरलॅप आणि 3' बाजूला जीनवर बसणारे वीसेक बेस. पीसीआरचे ॲनिलिंग तापमान काढताना फक्त हा मागचा भाग मोजायचा. पूर्ण प्रायमरचे तापमान धरले की पीसीआर फसते.

एक बारकावा मात्र हमखास सुटतो. एनडीई-वन `CA` नंतर कापते आणि टोकाला 5' बाजूचे दोन बेस लोंबत ठेवते. टी5 ते खाऊन टाकते. म्हणून व्हेक्टरच्या डाव्या टोकाचा ओव्हरलॅप `CA` पर्यंतच मोजायचा. पुढचा `TATG` प्रायमरमध्ये लिहायचा, पण तो ओव्हरलॅपच्या हिशेबात धरायचा नाही. आपल्या उदाहरणात `CA` पासून मागे 20 बेस मोजले तर हे मिळते:

```
CTGGTGCCGCGCGGCAGCCA
```

यात `G` आणि `C` मिळून 16 आणि बाकीचे चार. हिशेबाने 72 अंश येतात, नियम पूर्ण होतो. तरी मी हा ओव्हरलॅप जसाच्या तसा वापरणार नाही. यातला `TGCCGCGCGGCA` हा बारा बेसचा भाग समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचला तरी तोच येतो. थ्रॉम्बिन जिथे कापते तो प्रथिनाचा भाग या क्रमातून बनतो, त्यामुळे तो व्हेक्टरमध्येच आहे, टाळता येत नाही. असा उघडा धागा जीनवर बसण्याऐवजी स्वतःवरच दुमडू शकतो. प्रत्येक वेळी फसेल असे नाही, पण कॉलन्या मोजक्या आल्या तर पहिला संशय इथे घ्यावा. उपाय म्हणजे ओव्हरलॅप आणखी नऊ बेस मागे नेणे, म्हणजे दुमडणाऱ्या भागाबाहेरही पकडीला जागा मिळते. `CATATG` पूर्ण करून जीनचे पहिले 24 बेस जोडले की प्रायमर असा होतो:

```
AGCAGCGGCCTGGTGCCGCGCGGCAGCCA T ATGAGTAAAGGAGAAGAACTTTTC
```

उजवीकडचा सांधा याहून फसवा आहे. एक्सहो-वनच्या टोकावरही चार बेस गमवावे लागतात आणि त्याच्या लगेच पुढे व्हेक्टरचा दुसरा हिस्टिडीन टॅग येतो, म्हणजे `CAC` सहा वेळा. ओव्हरलॅप वीस बेसवर थांबवला तर जवळजवळ सगळा या पुनरावृत्तीतच संपतो. मग दोन धागे तीन बेस इकडे किंवा तिकडे सरकूनही छान बसतात. इथे जीएफपीचा स्वतःचा `TAA` आधीच येत असल्याने त्या टॅगचे प्रथिन बनत नाही आणि चूक खपून जाते, पण तोच टॅग हवा असता तर हिस्टिडीन कमी-जास्त झाले असते. म्हणून ओव्हरलॅप पुनरावृत्ती ओलांडून पुढच्या वेगळ्या क्रमात नेऊन रोवायचा:

```
GCACCACCACCACCACCACTGAGATCCGGCTGC
```

हे 33 बेस, त्यात `CTCGA` चे पाच आणि जीनच्या शेवटचे 24 मिळवले की उलटा प्रायमर 62 बेसचा होतो. किंमत इथे वाढते. लांब प्रायमर महाग पडतो आणि बनवताना त्यात एखादा बेस गळण्याची शक्यता लांबीबरोबर वाढते. गळालेला बेस टॅग आणि जीन यांच्यामधल्या भागात असेल तर फ्रेम मोडते. म्हणून इतक्या लांबीचा प्रायमर शुद्ध करूनच मागवावा आणि दोन्ही सांधे सिक्वेन्स केल्याशिवाय क्लोनवर विश्वास ठेवू नये.

मिश्रणाचे प्रमाण अवघड नाही. व्हेक्टर 50 नॅनोग्रॅम घेतला तर रेणूंच्या संख्येने दुप्पट जीएफपी म्हणजे साधारण 13 नॅनोग्रॅम. पीसीआरचा साचा प्लाझमिड असेल तर आधी डीपीएन-वनने तो नष्ट करावा, नाहीतर तोच कॉलन्या देतो. फक्त कापलेला व्हेक्टर आणि मिश्रण अशी एक नळी सोबत चालवावी. तिच्यातही तितक्याच कॉलन्या आल्या तर व्हेक्टर नीट कापला गेलेला नाही, आणि जोडणीला दोष देण्यात अर्थ नाही. क्लोन तपासायला पुन्हा एनडीई-वन आणि एक्सहो-वनच कामी येतात. 230 आणि 490 असे दोन्ही पट्टे पडले तर जीन पूर्ण आहे. 490 एकटाच दिसला तर वरचा तुटका तुकडा बसलेला आहे.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. एका प्लाझमिडमधला तपासलेला जीन त्याच साइट असलेल्या दुसऱ्या प्लाझमिडमध्ये हलवायचा असेल, तर कापणे-जोडणे निर्विवाद श्रेष्ठ आहे. पीसीआर होत नाही, म्हणून नवी चूक शिरत नाही आणि जीन पुन्हा सिक्वेन्स करावा लागत नाही. लेंटिव्हायरल व्हेक्टरसारख्या दोन टोकांना समान क्रम असणाऱ्या बांधणीत समान क्रम शोधणारी पद्धत चुकीच्या जागी जोडू शकते, तर लायगेजला चिकट टोकापलीकडचे काही दिसतच नाही. शे-दीडशे बेसचा तुकडाही ओव्हरलॅपने बसवू नये, टी5 तो दोन्हीकडून पोखरून संपवू शकते.

म्हणून माझे मत असे. नवा जीन, अनेक तुकडे किंवा एकही जादा अमिनो आम्ल न चालणारा सांधा असेल तर ओव्हरलॅप घ्यावा. तपासलेला तुकडा जागा बदलत असेल किंवा क्रमात पुनरावृत्ती दाट असेल तर एन्झाइमने कापून जोडावे. सॉफ्टवेअरने सुचवलेला ओव्हरलॅप तापमान जुळले म्हणून स्वीकारू नये. प्रायमर मागवण्यापूर्वी दोन्ही सांधे अक्षर न् अक्षर लिहून काढा, कापल्यावर कोणते बेस उरतात ते खुणा करून पाहा, आणि उरलेला क्रम उलटा वाचून दुमडतो का ते तपासा.