पॅकेज नको, नियम हवा

वडखळ नाक्यावर मंदी वर्तमानपत्रातून येत नाही, ती चहाच्या टपरीवर येते. मुंबई-गोवा महामार्ग, अलिबागचा फाटा आणि पलीकडे डोलवीचा पोलाद कारखाना, या तिघांवर इथल्या बहुतेक घरांची चूल चालते. पोलादाची मागणी घटली की ठेकेदार आधी रोजंदारीची माणसं कमी करतो. त्या माणसाचा नाश्ता बंद होतो, मग खोलीचं भाडं थकतं, मग किराणावाला उधारी बंद करतो आणि स्वतःही कमी माल भरतो. ज्याचा कारखान्याशी काडीचा संबंध नाही त्या टेम्पोवाल्याच्या फेऱ्याही कमी होतात. एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई असल्यामुळे एक पगार गेला की खड्डा एका पगारापेक्षा मोठा पडतो.

हा खड्डा लहान ठेवायची एक जुनी, जगभर वापरात असलेली व्यवस्था आहे. अर्थशास्त्रात तिला स्वयंचलित स्थिरक म्हणतात. कमाई वाढली की चढत्या दराने कर जास्त कापायचा, कमाई गेली की कर आपोआप कमी करायचा आणि ज्याची नोकरी गेली त्याला ठरलेला भत्ता द्यायचा. त्यासाठी मंत्र्याची घोषणा लागत नाही, मंडप लागत नाही. ‘आपोआप’ हाच त्यातला महत्त्वाचा शब्द आहे आणि आपल्याकडे नेमका तोच गहाळ आहे.

तीन सॅलरी स्लिपा घेऊन हिशेब करू. माणसं काल्पनिक आहेत, नियम खरे आहेत.

पहिली माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याची. वर्षाचा पगार 20 लाख 75 हजार. 2025-26 च्या नव्या करपद्धतीत 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 20 लाखांवर 2 लाख कर आणि 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 2 लाख 8 हजार. आता सहा महिन्यांनी त्याची नोकरी गेली आणि उरलेलं वर्ष घरी गेलं. पगार बुडाला 10 लाख 37 हजार 500, पण उरलेली कमाई 12 लाखांच्या आत आल्यामुळे कर शून्य झाला. म्हणजे नुकसानीचा पाचवा हिस्सा सरकारने स्वतःच्या अंगावर घेतला. अर्थात पहिल्या सहा महिन्यांत कापलेला सुमारे 1 लाख 4 हजारांचा टीडीएस त्याला रिटर्न भरल्यावर, पुढच्या वर्षी परत मिळणार. गरज आज आणि पैसा पुढच्या वर्षी, हा दोष आहेच. तरी नियम चालला, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

दुसरी कारखान्यातल्या ठेकेदारी कामगाराची, महिना 18 हजार. त्याला आयकर नव्हताच, त्यामुळे कमी होणार काय? पण त्याच्या पगारातून ईएसआयचे 135 रुपये कापले जातात आणि मालकाने 585 भरायचे असतात. या विम्यात ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस. रोज 600 धरला तर 300 गुणिले 90, म्हणजे 27 हजार. सहा महिन्यांत बुडाले 1 लाख 8 हजार, त्यातला चौथा हिस्सा परत आला. कागदावर हा चांगला आधार आहे.

तिसरी स्लिप 35 हजारांची. सुपरवायझर, खासगी शाळेतली आपा, दवाखान्यातला लॅब टेक्निशियन. 1 जानेवारी 2017 ला ईएसआयची पगारमर्यादा 21 हजार ठरली, त्यामुळे हा माणूस विम्याच्या बाहेर. पगाराचे पावणेतेरा लाख होईपर्यंत आयकर शून्य, त्यामुळे करातूनही काही सुटत नाही. सहा महिन्यांत 2 लाख 10 हजार बुडाले आणि परत आले शून्य. महिना 21 हजारांपासून लाखाच्या थोडं वरपर्यंत दोन्हीपैकी एकही आधार चालत नाही. आपल्या मोहल्ल्यातली शिकलेली पहिली पिढी नेमकी याच पट्ट्यात उभी आहे!

बरं, दुसऱ्या स्लिपवाल्याचं तरी आपोआप होतं का? नाही. ही योजना 1 जुलै 2018 ला दोन वर्षांच्या प्रयोगासाठी सुरू झाली आणि नंतर मुदतवाढीवर जगली. सुरुवातीला रक्कम रोजाच्या फक्त 25 टक्के होती, ती निम्मी करण्याचा निर्णय 20 ऑगस्ट 2020 चा. टाळेबंदी लागली मार्चच्या शेवटी. लाभ 24 मार्चपासून धरला हे खरं, पण मागच्या तारखेने मिळालेल्या पैशाने एप्रिलचं रेशन येत नाही. शिवाय लाभ आयुष्यात एकूण 90 दिवसांचाच. आणि हजेरीची अट: नोकरी जाण्याआधीच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवस भरलेले हवेत. ठेकेदार बदलला आणि नव्याने जुना विमा क्रमांक न वापरता दुसरा काढला, तर तुमचे दिवस दोन खात्यांत विभागले जातात. म्हणून नोकरी असतानाच ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या क्रमांकाखाली किती दिवस जमा दिसतात ते बघून ठेवा.

इंजिनियर म्हणून मला याचाच राग येतो. ठेकेदार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत प्रत्येक कामगाराचे दिवस महामंडळाच्या संगणकात भरतो, काम सुटलं असेल तर शेवटच्या दिवसाची तारीखही टाकतो. म्हणजे कोण बेकार झाला हे व्यवस्थेला कळतं. तरी अर्ज त्यानेच करायचा, हेलपाटे त्यानेच मारायचे.

‘भत्ता दिला की लोक आळशी होतात’ म्हणणाऱ्यांनी 27 हजार रुपये पुन्हा मोजावेत. निम्मा पगार, तीन महिने, जन्मात एकदा, तोही स्वतः हप्ता भरून. यावर कोण ऐश करतो ते मला दाखवा.

आपल्या लोकांचं उत्तर वेगळं असतं: जकात आहे, बैतुलमाल आहे. आहेच, आणि टाळेबंदीत त्याच रेशनवर अनेक घरं टिकली. पण हिशेब बघा. वडखळ-पेण-रोह्यात देणारा दुकानदार आणि घेणारा कामगार एकाच कारखान्यावर, एकाच रस्त्यावर जगतात. मागणारे वाढतात त्याच महिन्यात देणाऱ्याचा गल्ला रिकामा होतो. गावाचा बैतुलमाल मंदीत कर्ज काढू शकत नाही, सरकार काढू शकतं, आणि तेजीतल्या करातून फेडू शकतं. हे काम सदक्याचं नाही, खजिन्याचं आहे.

आणि हे महाराष्ट्राला परकं नाही. 1972 च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 ला झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. त्याच्या खर्चासाठी 1975 पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. सॅलरी स्लिपवर महिन्याला 200 रुपये दिसतात ते हेच. शहराच्या पगारातून दुष्काळी गावाची मजुरी, असा तो सौदा होता. पण राज्यघटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाला 250 ची मर्यादा घातली होती, ती 1988 च्या दुरुस्तीने 2500 झाली आणि तिथेच थांबली. आज 18 हजारवाला पुरुष कामगार आणि मी तेवढाच व्यवसाय कर भरतो.

भत्त्याने कारखाना पुन्हा सुरू होत नाही, नोकऱ्याही निर्माण होत नाहीत. त्याने फक्त टपरी, किराणा आणि टेम्पो एकापाठोपाठ बुडायचे थांबतात. तेवढ्यासाठी तीन गोष्टी मागायला हव्यात: 21 हजारांची मर्यादा उठवा, योजनेची मुदतवाढ बंद करून तिला कायद्यात बसवा आणि शेवटच्या दिवसाची नोंद झाली की अर्जाशिवाय पैसे खात्यात टाका. त्यासाठी माझ्या पगारातून 200 च्या जागी जास्त कापले गेले तरी चालतील. पुढच्या निवडणुकीत नाक्यावर पॅकेजचे फलक लागतील तेव्हा उमेदवाराला यातलं पहिलं विचारा, आणि 35 हजारांची स्लिप सोबत न्या.