काकांच्या उपचारांसाठी मदत मागताय? मेसेजमध्ये नेमकं काय लिहायला हवं?

"अर्जंट! काकांची तब्येत खूप गंभीर आहे. २५ लाखांची गरज आहे. जमेल तेवढी मदत करा आणि मेसेज पुढे पाठवा." खाली एक क्यूआर कोड आणि आयसीयूमधला फोटो.

असा मेसेज तुमच्या एखाद्या ग्रुपवर नक्कीच आला असेल. तो खरा आहे का, हे त्यातून कळत नाही. २५ लाख कशाचे, कुटुंबाकडे किती आहेत, हा क्यूआर कोड कुणाचा, मेसेज कालचा की दोन वर्षांपूर्वीचा? यातलं काहीच दिलेलं नसतं. त्यामुळे अनेक जण हळहळतात आणि पुढे सरकतात. बनावट मेसेजही अगदी असाच दिसतो, हा प्रामाणिक कुटुंबाचा दुहेरी तोटा.

मग खऱ्या गरजूनं काय वेगळं लिहावं? एक काल्पनिक पण रोज घडणारं उदाहरण घेऊ. बार्शीच्या एका काकांचं यकृत निकामी झालंय, मुलगा यकृताचा भाग देणार आहे, शस्त्रक्रिया पुण्यात आहे आणि मेसेज पुतण्या लिहितोय.

२५ लाख आले कुठून?

सुरुवात रुग्णालयाच्या लेखी अंदाजपत्रकापासून करायची. लेटरहेडवर, तारीख, सही-शिक्का आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक असलेलं. तोंडी आकडा उपयोगाचा नाही.

आपल्या उदाहरणात अंदाजपत्रक २२ लाखांचं आहे. पण त्यात काय धरलंय, हे वाचावं लागतं. साधारणपणे असे अंदाज 'सगळं सुरळीत पार पडलं तर' या गृहीतकावर असतात. समजा, दोन्ही शस्त्रक्रिया, काकांचे २१ दिवस आणि मुलाचे ७ दिवस त्यात आहेत. संसर्ग झाला, आयसीयूचे दिवस वाढले, तर बिल वेगळं. घरी सोडल्यानंतरची औषधंही वेगळी. प्रत्यारोपणानंतर शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून रोज औषधं घ्यावी लागतात, तीही आयुष्यभर. पहिले काही महिने रक्ततपासण्या वारंवार होतात, म्हणून बाहेरगावच्या कुटुंबाला रुग्णालयाजवळ खोली घ्यावी लागते.

पुतण्या हे असं लिहितो: "रुग्णालयाचा अंदाज २२ लाख. आधीच्या तपासण्या दीड लाख. नंतरच्या तीन महिन्यांची औषधं-तपासण्या ९० हजार. पुण्यात तीन महिने राहणं-खाणं ६० हजार. एकूण २५ लाख."

आणि लगेच पुढे: "विम्यातून ५ लाख मंजूर. घरची बचत आणि नातेवाईक मिळून ६ लाख. कमी पडतात १४ लाख. दोन ट्रस्टकडे अर्ज केलेत. तिथून मिळालं की हा आकडा तेवढा कमी करू."

वरचा मेसेज २५ लाख मागत होता, हा १४ लाख मागतो. स्वतःचे ११ लाख सांगायला अनेकांना संकोच वाटतो, 'एवढे आहेत तर मागता कशाला' असं कुणी म्हणेल म्हणून. माझ्या मते हेच वाक्य सगळ्यात जास्त विश्वास मिळवतं.

सरकारी योजनेचं काय झालं, तेही लिहा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा, हे प्रश्न देणाऱ्याच्या मनात येतातच. अर्ज कधी केला, उत्तर काय आलं, एका ओळीत पुरतं. विचारलंच नसेल, तर मेसेज टाकण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा.

पुरावा द्यायचा, पण सगळं उघडं करायचं नाही

अंदाजपत्रक आणि डॉक्टरांचं पत्र पुरेसं आहे. घाईत लोक आधार कार्ड, पासबुक, पूर्ण रिपोर्ट असं सगळं ग्रुपवर टाकतात. हे करू नका. कागदावरचा आधार क्रमांक, पत्ता, फोन नंबर झाकून टाका. रुग्णाचं नाव, तारीख, रक्कम आणि नोंदणी क्रमांक दिसू द्या. नळ्या लावलेला फोटो हा आजाराचा पुरावा नव्हेच. काका शुद्धीवर असतील तर फोटो आणि आजाराचं नाव जाहीर करायला त्यांची परवानगी घ्या.

देणाऱ्यासाठी पडताळणीचा साधा मार्ग: रुग्णालयाचा नंबर त्यांच्या वेबसाइटवरून शोधायचा, मेसेजमधला वापरायचा नाही. तिथे नोंदणी क्रमांक सांगून विचारायचं. रुग्णालय आजाराची माहिती देणार नाही, ते बरोबरच आहे. पण 'या क्रमांकाच्या रुग्णासाठी पैसे थेट तुमच्या खात्यात भरता येतील का', याचं उत्तर बिलिंग विभागाकडून मिळू शकतं.

पैसे कुणाच्या खात्यात?

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे रुग्णालयाचं खातं. पण औषधं आणि खोलीभाड्यासाठी कुटुंबाच्या हातातही पैसे लागतात. म्हणून पुतण्या दोन पर्याय देतो: रुग्णालयाचं खाते, आणि काकूंच्या नावाचं एकच बँक खातं. त्याचं स्वतःचं रोजचं खातं तो यात आणत नाही, नाहीतर पगार आणि मदत एकत्र होऊन हिशेबच लागत नाही. क्राउडफंडिंग वेबसाइट वापरली तर ती किती शुल्क कापते, की देणाऱ्याकडून वेगळी 'टिप' मागते, हेही लिहावं.

एक फसवणूक खऱ्या मेसेजवरच होते. कुणीतरी तोच फोटो, तीच कागदपत्रं घेतो आणि फक्त क्यूआर कोड बदलतो. म्हणून मेसेजमध्ये खातेदाराचं पूर्ण नाव शब्दांत लिहा. "पिन टाकण्याआधी स्क्रीनवर हेच नाव दिसतंय का पाहा" असंही सांगा. उलट बाजूनं, कुटुंबालाही फोन येतात: "५० हजार पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. रुग्णालयात रात्र जागून काढलेल्या माणसाला हे त्या क्षणी सुचेलच असं नाही, म्हणून घरात आधीच सांगून ठेवा.

कराची बाजू थोडक्यात. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही. आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त पैसे मिळाले, तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. रक्कम मोठी असेल तर सीएशी आधीच बोला आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

पैसे उरले तर? काका वाचले नाहीत तर?

हे लिहिणं सगळ्यात कठीण. पण ते नंतर ठरवायला गेलं की घरातच वाद होतात. पुतण्या लिहितो: "दर रविवारी जमा आणि खर्च याच ग्रुपवर सांगू. उरलेले पैसे वर्षभराच्या औषधांसाठी ठेवू, त्याहून जास्त उरले तर त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या रुग्णाच्या बिलात भरू. काही वाईट घडलं तर आधी राहिलेलं बिल भरू, मग शिल्लक तशीच देऊ."

दर रविवारचा हिशेब चार ओळींचा असतो: जमा ६ लाख ४० हजार, रुग्णालयात भरले ५ लाख, औषधं ३० हजार, शिल्लक १ लाख १० हजार. सोबत पावतीचा फोटो. देणाऱ्यांची नावं त्यांनी हो म्हटल्याशिवाय टाकायची नाहीत.

मेसेजच्या पहिल्याच ओळीत तारीख असू द्या आणि शेवटी मुदत: "हे आवाहन ३० तारखेपर्यंतच." १४ लाख जमले की ग्रुपवर "पूर्ण झालं, आता पाठवू नका" असं टाकायचं. पण पुढे गेलेला मेसेज परत बोलावता येत नाही. काका घरी येऊन नातवंडांशी खेळत असतानाही तो कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असेल, आणि तेव्हा वाचणाऱ्याला थांबवायला त्यातली ती तारीखच असेल.