दहावीच्या विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन : शाखा ठरवण्याआधी गणिताचा निर्णय करावा

अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना विद्यार्थ्यापुढे कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांपैकी एक निवडण्याचा प्रश्न असतो, असे घरात आणि शाळेत सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु पुढच्या कोणत्या वाटा खुल्या राहतील आणि कोणत्या बंद होतील हे शाखेच्या नावापेक्षा तिच्यातील विषयांवर, आणि त्या विषयांतही गणित ठेवले की सोडले यावर, अधिक अवलंबून असते. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने यंदा दहावीत असलेल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना केलेले हे आवाहन मुख्यतः या एका निर्णयाविषयी आहे, कारण त्याच्या वर्गातील अनेकांना पुढे जी हळहळ वाटली ती शाखेबद्दल क्वचितच होती. बहुतेकदा ती घाईने सोडलेल्या किंवा केवळ भीतीने धरून ठेवलेल्या एका विषयाबद्दल होती.

विज्ञान घेतले की सर्व वाटा खुल्या राहतात, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक घरात दिला जातो आणि त्यात तथ्यही आहे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीला, तसेच पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. उलट वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे वळता येत नाही. मात्र या सल्ल्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली अशी, की जो विद्यार्थी अखेरीस वाणिज्याकडेच जाणार आहे त्याची दोन वर्षे प्रयोगवह्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जातात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षी त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांनी दोन वर्षे गिरवलेले जमा-नावेचे नियम त्याला नव्याने शिकावे लागतात. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की विज्ञान ही प्रत्यक्षात एक वाट नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घेतले तर त्या गटाला पीसीएम म्हणतात, जीवशास्त्र घेतले तर पीसीबी, आणि दोन्ही घेतले तर पीसीएमबी. यांतील कोणता गट घेतला यावर पुढच्या प्रवेशांची पात्रता ठरते.

गणित सोडल्याने काय बंद होते हे आधी पाहावे. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आवश्यक असते, वास्तुकलेसाठीही तसेच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमासाठीही बारावीला गणित असावे लागते. जीवशास्त्र सोडल्याने वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या यांसारखे अभ्यासक्रम बंद होतात, तर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवी या दोन्हींसाठी दोहोंपैकी कोणताही गट चालतो. येथवर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण त्या सारख्या नाहीत. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, देता येते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गणिताचा विषय मात्र एकमेकांवर रचलेल्या पायऱ्यांचा असतो आणि दोन वर्षे त्याचा सराव तुटला की तो पुन्हा हाती घेणे नियमाने शक्य असले तरी व्यवहारात फार थोड्यांना जमते. म्हणून ज्याचा निर्णय खरोखर झालेला नाही अशा विद्यार्थ्याने दोहोंपैकी एकच विषय ठेवायचा असेल तर गणित ठेवावे, असे या माजी विद्यार्थ्याचे स्पष्ट मत आहे.

गणित सोडण्याचा निर्णय बहुधा दहावीच्या गुणपत्रकावरील एका आकड्याकडे पाहून घेतला जातो, आणि तो आकडा जेवढे सांगतो त्याहून अधिक लपवतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात बीजगणित म्हणजे भाग पहिला ४० गुणांचा, भूमिती म्हणजे भाग दुसरा ४० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. समजा एखाद्या विद्यार्थिनीला गणितात १०० पैकी ७४ गुण मिळाले. अंतर्गत मूल्यमापनात बहुतेक शाळांतून मुक्तहस्ते गुण दिले जातात, म्हणून तेथे तिला १९ मिळाले असे धरले, तर लेखी परीक्षेतील तिचे गुण ८० पैकी ५५ उरतात. हे ५५ गुण कसे मिळाले हे तिने सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका काढून पाहिले आणि तिला असे आढळले, की बीजगणितात ती ४० पैकी ३५ च्या आसपास असते आणि भूमितीत २० च्या आसपास अडकते, आणि तेथेही गुण जातात ते प्रमेयांच्या सिद्धता लिहिताना. अकरावी-बारावीच्या गणितात प्रमेयांच्या अशा सिद्धता फारशा नसतात. तेथे त्रिकोणमिती, संच, फलन, निर्देशक भूमिती, विकलन आणि संकलन हे घटक येतात आणि त्यांत चिन्हे हाताळण्याचे, समीकरण न चुकता पुढे नेण्याचे कौशल्य सतत लागते. विकलन म्हणजे एक राशी बदलली असता तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी राशी किती वेगाने बदलते हे काढण्याची रीत, आणि तिचा बराचसा भार बीजगणितावर असतो. अशा विद्यार्थिनीने ७४ हा आकडा पाहून गणित सोडणे ही तिच्या क्षमतेबाबत झालेली गफलत ठरेल.

याच्या उलट असाही विद्यार्थी असतो ज्याला ८८ गुण आहेत, पण ते सरावसंचातील उदाहरणे पाठ करून मिळवलेले आहेत. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: वर्गसमीकरणावरील एखादे शाब्दिक उदाहरण घेऊन त्यातील आकडे नव्हे, तर विचारलेली राशी बदलावी, म्हणजे मुलाचे आजचे वय देऊन वडिलांचे पूर्वीचे वय विचारण्याऐवजी उलट विचारावे, आणि तो विद्यार्थी समीकरण स्वतः मांडू शकतो का हे पाहावे. तो मांडणीपाशीच थांबत असेल तर ८८ गुणांच्या भरवशावर पीसीएम घेणे धोक्याचे आहे, कारण अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीतच त्याचे गुण कोसळतात आणि त्याचे कारण त्याला किंवा घरच्यांना उमगत नाही.

मग दोन्ही विषय ठेवून पीसीएमबी घ्यावे, असे अनेक पालक सुचवतात, आणि येथे तोट्याची बाजू प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांतील निम्मे जीवशास्त्राचे असतात आणि गणिताचा एकही नसतो. राज्याच्या अभियांत्रिकी सामाईक प्रवेश परीक्षेत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात आणि जीवशास्त्राचा एकही नसतो. म्हणजे दोन्ही विषय ठेवणारा विद्यार्थी दोन्ही परीक्षांत अशांशी स्पर्धा करतो ज्यांनी आपला सगळा वेळ एकाच बाजूला दिलेला असतो. या आवाहनाच्या लेखकाच्या वर्गातील ज्यांनी चारही विषय बारावीच्या शेवटापर्यंत ओढले, त्यांपैकी काहींना वैद्यकीय प्रवेश थोडक्या गुणांनी हुकल्याची खंत आजही आहे. आणि स्वतः लेखकाने दहावीच्या गुणांकडे पाहून गणित सोडले, वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली, आणि पुढे शेतीतील प्रयोगांची आकडेवारी तपासण्याच्या कामात जेव्हा संख्याशास्त्राची गरज भासली तेव्हा अकरावीचे पुस्तक नोकरी सांभाळून वाचावे लागले, ही त्याची खंत आहे. वनस्पतिशास्त्र निवडल्याची खंत मात्र त्याला नाही. पीसीएमबी घ्यायचेच असेल तर ते अकरावीच्या पहिल्या सत्रापुरते आजमावण्याचा काळ म्हणून घ्यावे आणि दिवाळीच्या सुट्टीत एक बाजू ठरवावी, हा त्यातल्या त्यात कमी खर्चाचा मार्ग आहे.

गणिताचा प्रश्न विज्ञानापुरता नाही, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. वाणिज्य शाखेत पुस्तपालन आणि लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन यांच्या जोडीला बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांपैकी एक विषय निवडायचा असतो, आणि दुसरा सोपा म्हणून बहुसंख्य विद्यार्थी तोच घेतात. पुढे सनदी लेखापाल होण्यासाठीच्या फाउंडेशन परीक्षेत चारपैकी एक संपूर्ण प्रश्नपत्रिका गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांची असते, प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के गुण लागतात, आणि इतर तीन उत्तम लिहूनही याच एका प्रश्नपत्रिकेमुळे अडकणे सहज शक्य असते. जे अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास करू इच्छितात त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या विशेष पदवीसाठी बारावीला गणित असण्याची अट आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने आणखी एक किंमत हिशेबात धरावी. विज्ञान शाखेचे विषय बारावीपर्यंत इंग्रजीतून शिकवले जातात, तर वाणिज्य आणि कला शाखांत उत्तरे मराठीतून लिहिता येतात. ज्याने दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकले आहे त्याला संकल्पना ठाऊक असूनही पहिले काही महिने प्रश्नच नीट कळत नाही, आणि हा अडथळा बुद्धीचा नसून शब्दांचा आहे हे कोणी सांगितले नाही तर तो स्वतःला कच्चा समजू लागतो. दहावीनंतरच्या सुट्टीत अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या दोन प्रकरणांतील संज्ञा मराठी प्रतिशब्दांसह वहीत उतरवून काढल्या तरी हा काळ बराच कमी होतो.

तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, ज्याला सर्वत्र डिप्लोमा म्हणतात, त्याला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि तो पूर्ण करणाऱ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, त्यामुळे बारावीची प्रवेशपरीक्षा टळते. ज्याचा अभियांत्रिकीचा निर्णय पक्का आहे आणि ज्याला हाताने काम करून शिकणे आवडते त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे. तिचा तोटा असा, की सोळाव्या वर्षीच यंत्र, स्थापत्य, विद्युत यांसारखी एक विद्याशाखा ठरवावी लागते, मन बदलले तर परतीची वाट लांब पडते, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षातील गणित बारावीचे विस्तृत गणित शिकून आलेल्यांच्या बरोबरीने करताना पदविकाधारकांची दमछाक होते.

प्रवेश अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेले अकरावीचे गणिताचे पुस्तक उतरवून घ्यावे, त्यातील त्रिकोणमितीचे पहिले प्रकरण कोणाच्याही मदतीशिवाय वाचावे आणि त्याखालील उदाहरणे सोडवून पाहावीत. किती उदाहरणे सुटली याला येथे फारसे महत्त्व नाही. न सुटलेल्या उदाहरणाकडे दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत जावेसे वाटले की नाही, याची नोंद करावी आणि ती पालकांना दाखवूनच विषयगटाचा रकाना भरावा. पालकांनीही त्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण बाजूला ठेवून ही नोंद वाचावी, आणि पसंतीच्या महाविद्यालयात गणित, जीवशास्त्र किंवा वाणिज्य शाखेतील गणित यांची निवड बदलण्याची मुदत कोणत्या महिन्यापर्यंत असते हे प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात विचारून घ्यावे.