छोट्या हॉलसाठी साउंडबार घेताय? ‘५.१’चा मोह टाळा

१० बाय १२ फुटांचा हॉल आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. अशा घरात ५.१ चॅनेलचा सेट आणला, तर मागचे दोन स्पीकर ठेवायचे कुठे? ते थेट कानाशी येतात. इथे ३.१ पुरेसा आहे: डावा, उजवा, मधला असे तीन चॅनेल आणि एक सबवूफर. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमधून येतात, म्हणून ते स्पष्ट ऐकू येतात. बजेट कमी असेल तर २.१ घ्या. सबवूफर मात्र कोपऱ्यात ढकलू नका. तिथे बास घुमतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात!

खरेदीआधी टीव्हीच्या मागे पाहा. ज्या एचडीएमआय पोर्टजवळ ‘ARC’ किंवा ‘eARC’ लिहिले आहे, केबल त्यातच लावायची. शेजारच्या साध्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जात नाही. सेटिंगमध्ये ‘CEC’ सुरू केले की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. असे पोर्टच नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. ब्लूटूथ गाण्यांपुरते ठेवा. सिनेमात अनेकदा ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

सोनी, जेबीएल, सॅमसंग यांतून निवडताना खोक्यावरचे वॅट मोजत बसू नका. तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, ते आधी विचारा.