"एक पावसाळा जाऊ द्या" हे खाडीच्या चिखलाला लागू नाही

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल.

खाडीकाठच्या भरावावर घर घेतलेल्या माणसाने भिंतीची भेग दाखवली की त्याला ठरलेलं एकच उत्तर मिळतं. "अहो, नवीन बांधकाम आहे, थोडं बसणारच. एक पावसाळा जाऊ द्या, मग भेगा बुजवून रंग मारून देतो." बिल्डर हे सांगतो, त्याचा सुपरवायझर सांगतो आणि नगरपालिकेत तक्रार घेऊन गेलात तर तिथला साहेबही हेच सांगतो. लोक बिचारे पावसाळा मोजत बसतात. एक जातो, दुसरा जातो. रंगाचे तीन हात होतात आणि भेग पुन्हा तिथेच उघडते.

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपतं. नवा मुरूम टाकला, नीट रोलर फिरवला नाही, तर त्यात पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी आत शिरलं की मुरूम दबतो. एक-दोन पावसाळ्यांत बरंचसं काम होऊन जातं. आपल्या वाडवडिलांनी जोत्यात भराव टाकून पाऊस खाऊ दिला, तो याच कारणाने. पण ही गोष्ट वरच्या मुरमाची. त्याच्याखाली जो खाडीचा काळा-निळा चिखल आहे, त्याला तुमच्या पावसाळ्याशी काही देणंघेणं नाही. तो हजारो वर्षं पाण्यातच आहे, गळ्यापर्यंत भरलेला आहे. त्याला आणखी पाणी नकोय. त्याचं दुखणं उलटं आहे: त्याच्या पोटातलं पाणी बाहेर पडायचंय आणि बाहेर पडायला वाट नाही.

श्रीखंडासाठी चक्का बांधतो ते आठवा. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की सुरुवातीला पाणी धारेने जातं, मग थेंब थेंब, मग तासाला एखादा थेंब. जेवढं पाणी गेलं तेवढाच गोळा लहान होतो. खाडीचा चिखल म्हणजे असंच दही समजा. त्याच्या आकारमानात मातीचे कण एक भाग आणि पाणी दोन भाग असणं अगदी नेहमीचं. वर दोन मीटर मुरूम टाकला, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण साडेतीन टन वजन ठेवलं. हे वजन पहिल्या दिवशी मातीचे कण उचलत नाहीत, अडकलेलं पाणी उचलतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सुरुवातीला फारसं काही घडत नाही आणि सगळे म्हणतात, बघा, जमीन पक्की आहे! मग पाणी हळूहळू निसटतं, वजन कणांवर येतं, कण जवळ सरकतात आणि जमीन तेवढी खाली जाते. इंजिनिअर लोक याला कन्सॉलिडेशन म्हणतात.

आता मुख्य प्रश्न: याला इतकी वर्षं का लागतात? कारण चिकणमातीतून पाणी मुंगीच्याही पावलाने चालत नाही. आणि थर जाड असला की दुहेरी मार बसतो. जाडी दुप्पट, म्हणजे बाहेर काढायचं पाणी दुप्पट. शिवाय त्याला जायचं अंतरही दुप्पट. म्हणून वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. तिप्पट जाडीला नऊपट. कार्ल टेरझागी नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात इस्तंबूलमध्ये शिकवत असताना हे गणित बसवलं. म्हणजे विषय शंभर वर्षं जुना आहे आणि डिप्लोमाच्या पुस्तकातही आहे. "आम्हाला कल्पना नव्हती" असं कुणी म्हणू नये.

यासाठी लॅबमध्ये एक साधी चाचणी असते. बोअर मारून चिखलाचा न विस्कटलेला नमुना काढतात, त्याची दोन सेंटीमीटर जाडीची चकती कड्यात बसवतात, वर-खाली पाणी झिरपणारे दगड ठेवतात आणि वजन टाकून मोजत राहतात. समजा, त्या चकतीचं ९० टक्के बसणं पाऊण तासात झालं. मऊ सागरी चिखलाला हे शोभणारं आहे. तोच चिखल तुमच्या प्लॉटखाली आठ मीटर जाड आहे, म्हणजे चकतीच्या ४०० पट. वेळ लागेल ४०० गुणिले ४००, म्हणजे १ लाख ६० हजार पट. पाऊण तासाला त्याने गुणा. उत्तर येतं साडेतेरा वर्षं. तेही पाण्याला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी वाट असेल तर. खाली अभेद्य कातळ असेल आणि वाट फक्त वरच असेल, तर याच्या चौपट, पन्नासहून जास्त वर्षं. आता सांगा, यात "एक पावसाळा" कुठे बसतो?

एक हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. समजा, जुन्या खारबंदिस्तीला लागून दहा रो-हाऊसची रांग आहे, साठ मीटर लांब. बांधाकडच्या टोकाला चिखल चार मीटर, खाडीकडच्या टोकाला आठ मीटर. सगळीकडे दोन मीटर मुरूम टाकला. घरांचं वजन सध्या सोडून देऊ, नुसता भराव धरू. अशा चिखलाचे नेहमीचे आकडे घातले तर बांधाकडची जमीन एकूण ६३ सेंटीमीटर बसणार आणि खाडीकडची ८४. भराव टाकल्यापासून तीन वर्षांनी बिल्डरने किल्ल्या दिल्या. तोवर बांधाकडचं काम जवळजवळ उरकलेलं असतं, फक्त ८ सेंटीमीटर बाकी. खाडीकडचं मात्र जेमतेम निम्मं झालेलं असतं, ४३ सेंटीमीटर बाकी. चार मीटरच्या थराला वेळ पाव लागतो, त्याचा हा परिणाम.

म्हणजे किल्ल्या मिळाल्यावर त्या एकाच रांगेची दोन टोकं वेगवेगळी खाली जाणार, फरक ३५ सेंटीमीटरचा. सगळी रांग सारखी खाली गेली असती तर पायरी आणि पाइप सोडून फारसं बिघडलं नसतं. घर मोडतं ते या फरकाने. साठ मीटरला ३५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण १७० ला १. विटांच्या भिंती ३०० ला १ च्या आसपासच तडकायला लागतात. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते, दार चौकटीत अडतं, मोरीचं पाणी उलटं वळतं. यात मिस्त्रीचा दोष नाही, प्लास्टरचाही नाही. आणि ज्या रोगाचं मूळ आठ मीटर खोल आहे, त्यावर पुट्टी मारणं हा इलाज नाही.

कुणी म्हणेल, आमची बिल्डिंग पायल्सवर आहे. उत्तम. पायल्स खडकापर्यंत पोचले असतील तर बिल्डिंग जागेवर राहील. पण भोवतालचं पार्किंग, कंपाउंड आणि ड्रेनेज चिखलावरच आहे. ते खाली जातं, जोत्याखाली पोकळी दिसायला लागते, पाइप सांध्यात तुटतात. शिवाय बसणारा चिखल पायल्सना धरून खाली ओढतो. ते वजन डिझाइनमध्ये धरलं होतं का, हे विचारा.

आता कायद्याचं बघा. रेराच्या कलम १४ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. वरच्या उदाहरणात पाच वर्षं संपतात तेव्हा खाडीकडच्या टोकाचं अजून २० सेंटीमीटर बसणं शिल्लक असतं. म्हणजे "एक पावसाळा जाऊ द्या" या वाक्याचा खरा उपयोग जमिनीला नाही, बिल्डरला आहे. पाच पावसाळे गेले की तो सुटला!

यावर उपाय नाही असंही नाही. न्हावा-शेव्याच्या बंदराच्या यार्डांखाली असाच चिखल होता. तिथे चिखलात जवळजवळ उभ्या वाती घातल्या गेल्या, त्यांना पीव्हीडी म्हणतात. पाण्याला आठ मीटरचा थर ओलांडायची गरज उरत नाही, हातभर आडवं गेलं की वात सापडते. वर जास्तीचा भराव रचून ठेवायचा, जमीन किती बसली ते लोखंडी प्लेट पुरून मोजत राहायचं, आणि बसणं मंदावलं की जास्तीचा भराव उचलून मग बांधायचं. वर्षांचं काम महिन्यांवर येतं. जपानचं कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रातल्या भरावावर सुरू झालं. वरच्या चिखलात त्यांनी वाळूचे खांब घातले, तो थर लवकर बसला. खालचे खोल थर मात्र आवाक्याबाहेर होते, म्हणून तीस वर्षांनंतरही ते बेट वर्षाला काही सेंटीमीटर खाली जातंय. फरक एवढाच, की त्यांनी ते लपवलं नाही. टर्मिनलचे खांब जॅकने उचलता येतील असे बांधले आणि मोजमाप जाहीर करत राहिले. आपल्याकडे पैसे वाचवायला वाती गाळतात आणि वेळ वाचवायला थांबणं गाळतात.

माझी नगरपालिकेकडे मागणी साधी आहे. खाजण जमिनीवर परवानगी देताना नुसता बोअरचा कागद घेऊ नका. कन्सॉलिडेशन चाचणीचा रिपोर्ट घ्या आणि त्यात दोन आकडे लिहून घ्या: जमीन एकूण किती बसणार, आणि त्यातली ताब्यानंतर किती. हे दोन आकडे ग्राहकाला करारासोबत मिळाले पाहिजेत. ज्याला हे लिहून द्यायची भीती वाटते, त्याने तिथे बांधू नये.

आणि ज्यांनी घर घेतलंय त्यांनी पावसाळे मोजू नका, भेग मोजा. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा, तारीख लिहा, फोटो काढा. काच तडकली की हालचाल चालू आहे. दर सहा महिन्यांनी मिस्त्रीकडून पाण्याच्या नळीने रांगेच्या दोन्ही टोकांची लेव्हल काढून वहीत लिहा. भेग उन्हाळ्यात उघडून पावसात मिटत असेल तर वरची काळी माती फुगते-आकसते आहे, ते दुखणं वेगळं. पण ऋतू कुठलाही असो, आकडा एकाच दिशेने वाढत असेल, पहिल्या वर्षी जास्त आणि मग कमी कमी, तर खालचा चिखल निथळतोय. ती वही जोडून बिल्डरला लेखी नोटीस द्या, पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत. तोंडी तक्रारीला आणि रंगाच्या डब्याला तारीख नसते.