शेवटची पायरी का खाता?

परवा मावसभाऊ घरी आला होता. बारावीत आहे. सोबत क्लासच्या नोट्स होत्या, त्यातलं एक गणित बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. उत्तर चुकलं होतं म्हणून नाही. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि खरा वैताग त्याचाच आहे.

गणित असं: k = 2 पासून सुरू करून 1 − 1/k² ही पदं न थांबता गुणत जायची.

(1 − 1/4)(1 − 1/9)(1 − 1/16)...

1 − 1/k² म्हणजे (k−1)(k+1)/k², म्हणून नोट्समध्ये पुढे लिहिलंय:

(1·3)/(2·2) × (2·4)/(3·3) × (3·5)/(4·4) × ...

इथपर्यंत ठीक. नंतर लाल पेनाने तिरप्या रेघा. वरचा 3 खालच्या 3 शी, वरचा 4 खालच्या 4 शी... आणि खाली वाक्य: "असे अनंतापर्यंत सर्व कटते, 1/2 उरतो." संपलं गणित!

मी त्याला म्हटलं, बरं, याच न्यायाने 2/1 × 3/2 × 4/3 × 5/4 × ... किती ते सांग. त्यानेही रेघा मारल्या. वरचा प्रत्येक आकडा पुढच्या छेदात आहे, सगळं कटलं, उत्तर 1. आता यातलं प्रत्येक पद 1 पेक्षा मोठं आहे, पहिलंच 2 आहे. मग गुणाकार 1 येईल कसा? n पदांनंतर तो n + 1 होतो आणि वाढतच जातो. वरचा शेवटचा आकडा कधीच कटत नाही, फक्त आपल्याला कागदावर दिसत नाही.

"पण दादा, ते गणित वेगळं आहे. आपल्या गणितात बरोबर येतंय ना?"

ठीक आहे, मग आपलंच गणित घेऊ. तीच पदं, 3/4, 8/9, 15/16, 24/25. फक्त जरा वेगळी लिहू:

3/4 × (8/3)/3 × (5/2)/(8/3) × (12/5)/(5/2) × ...

करून बघा, एकही पद बदललेलं नाही. प्रत्येकाचा अंश पुढच्याच्या छेदात आलाय. मारा रेघा अनंतापर्यंत. खाली फक्त 4 उरतो, म्हणजे उत्तर 1/4! एकाच गुणाकाराची दोन उत्तरं, दोन्ही एकाच 'पद्धतीने'. बसा आता भांडत :-)

गोम त्या शेवटच्या अंशात आहे. 3, 8/3, 5/2, 12/5 ही रांग 2(k+1)/k अशी आहे, ती 2 कडे जाते. म्हणजे उरतं ते 2/4, म्हणजेच 1/2. नोट्समधल्या मांडणीत शेवटी उरणारा (n+1)/n हा 1 कडे जातो, म्हणून तो विसरला तरी चोरी पकडली जात नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

आणि सरळ मार्ग काही लांबचा नाहीये. आधी n पाशी थांबायचं. पदं मर्यादित असली की हवी तशी गट करून गुणता येतात:

(1/2 × 2/3 × ... × (n−1)/n) × (3/2 × 4/3 × ... × (n+1)/n)

पहिला कंस 1/n, दुसरा (n+1)/2. गुणाकार (n+1)/(2n). n = 2 घातलं की 3/4, पडताळा झाला. आता n वाढू द्या, 1/2. लिमिट आधी घेतली असती तर पहिला कंस शून्याकडे आणि दुसरा अनंताकडे गेला असता, मग काय गुणणार कपाळ?

ऑफिसातल्या एका मित्राचं म्हणणं, "कशाला एवढं, लूप फिरव की." फिरवला. हजाराला 0.5005 आलं. आता हे 0.5 वर थांबणार की 0.4998 वर, लूप काय सांगणार? (n+1)/(2n) म्हणजे 0.5 + 1/(2n). चूक नेमकी किती ते समोर आहे: ती दहा लाखांश भागाच्या आत हवी तर पाच लाखांच्या पुढे जावं लागेल. त्यातून नेहमीच्या double मध्ये k = 134217728 पासून 1 − 1/k² राउंड होऊन चक्क 1.0 होतं. पुढे लूप नुसताच पंखा गरम करतो.

क्लासवाल्यांचा युक्तिवाद ठरलेला, परीक्षेत वेळ नसतो. अहो, रेघा मारायला जास्त वेळ लागतो! दोन कंस आणि एक लिमिट, तीन ओळी.

नोट्समधलं पुढचं गणित तेच होतं, फक्त k = 3 पासून. भावाने पेन उचललं, रेघ मारता मारता थांबला, आणि लिहिलं: 2(n+1)/(3n), म्हणून 2/3.