फॉरवर्ड काढा, पण चारचौघांत नको

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, पार्किंग आणि सभेच्या सूचनांसाठी काढलेला आहे. रात्री साडेदहाला कुणी लिहितं, ‘उद्या टाकी साफ करणार, सकाळी दहा ते चार पाणी बंद’. पहाटेपासून त्यावर फुलांच्या चित्रांसह सुप्रभात, मधुमेहावरचा रामबाण काढा आणि एखाद्या नेत्याचं भाषण येऊन बसतं. आठला उठणाऱ्याला दिसतो तो काढा. पाणी गेल्याचं कळतं ते अंगाला साबण लावल्यावर. सूचना दिलेली असते, पण पोहोचलेली नसते. म्हणून विषयाबाहेरचे फॉरवर्ड ॲडमिननी काढावेत ही मागणी रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते कोणत्या क्रमाने काढले जातात यावर नियम टिकणार की भांडण पेटणार हे ठरतं.

2022 पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो. सोय चांगली आहे, पण मेसेज गेला तरी त्या जागी ॲडमिनने तो काढल्याची ओळ उरते, ॲडमिनच्या नावासकट, आणि तीही पाठवणाऱ्याच्या नावाखाली. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा काढा कुणी वाचला नसेल, तरी काकांवर कारवाई झाली हे सगळी विंग वाचते. तोच मेसेज काकांनी स्वतः काढला तर नुसतं ‘मेसेज काढला’ एवढंच दिसतं. चुकून गेला असेल म्हणून लोक पुढे सरकतात. स्वतः काढायला साधारण दोन दिवसांची मुदत असते. तेव्हा ॲडमिननी आधी खासगीत लिहावं: ‘काका, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी ठेवलाय. तेवढा मेसेज सर्वांसाठी डिलीट कराल का? जमत नसेल तर सांगा, मी काढतो.’ ज्येष्ठांपैकी अनेकजण ‘फक्त माझ्यासाठी’ हा पर्याय दाबून मोकळे होतात आणि मेसेज बाकीच्यांकडे तसाच राहतो, म्हणून शेवटचं वाक्य गाळू नये. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर मग ॲडमिननी काढावा आणि ग्रुपवर त्यावर चकार शब्द काढू नये.

काही फॉरवर्ड मात्र संध्याकाळपर्यंत थांबू देत नाहीत. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेचे मेसेज फिरत असतानाच 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा अफवा, एखाद्या जातिधर्माविरुद्धची चिथावणी, बक्षिसाच्या फसव्या लिंक दिसताक्षणी काढाव्यात आणि पाठवणाऱ्याला खासगीत कारण नंतर कळवावं. इथे माणसाच्या संकोचापेक्षा धोका मोठा आहे. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आला आहे एवढं कळतं. खरा की खोटा हे त्यावरून ठरत नाही. आणि काढलेला फोटो कुणाच्या गॅलरीत आधीच उतरला असेल, तर तो तिथे राहू शकतो.

काहीजण म्हणतील, एवढं गोंजारायचं कशाला, एकदा सर्वांसमोर सुनावलं की बाकीचे सुधारतात. होतं उलटंच. सुनावलं की संबंधित माणूस खुलासा करतो, त्याच्या बाजूने दोघे उभे राहतात, कुणीतरी मागच्या महिन्यात चेअरमननी टाकलेलं दिवाळी सेलचं पोस्टर उकरून काढतं, आणि पाण्याची सूचना आता या वादाखाली जाते. शिवाय दुखावलेला माणूस ग्रुप म्यूट करतो. म्हणजे ज्याच्यापर्यंत सूचना पोहोचवायची तोच हातचा जातो. दुसरी सूचना येते, फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं सेटिंग ठेवा. सूचनांपुरतं ते ठीक आहे, पण रात्री दोनला डक्टमध्ये पाइप फुटल्याचं पाहणाऱ्या सभासदाने मग लिहायचं कुठे? गप्पा, शुभेच्छा आणि विनोदांसाठी वेगळा ग्रुप काढावा, तिथे खुशाल शंभर सुप्रभात येऊ देत.

पक्षपाताचा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो. खासगीत समज द्यायची म्हटलं, की कुणाला दिली आणि कुणाला नाही हे दिसत नाही. त्यासाठी नियम ग्रुपच्या वर्णनात चार ओळींत लिहिलेला असावा, म्हणजे नवा भाडेकरूही तो वाचू शकेल. दर महिन्याच्या सुरुवातीला तोच मजकूर कुणाचंही नाव न घेता पुन्हा टाकावा. दोन ॲडमिन असावेत, त्यातला एक कमिटीबाहेरचा, म्हणजे सेक्रेटरींच्या फॉरवर्डबद्दलही कुणीतरी त्यांना लिहू शकेल.

ॲडमिननी हा क्रम येत्या रविवारपासून लागू करावा. आणि सभासदांनो, खासगीत विनंती आली तर तो मेसेज ‘सर्वांसाठी’ हा पर्याय निवडून काढा, ग्रुपवर खुलासा लिहू नका.